अर्धवट राहिलेली बांधणी

मैत्रिणीच्या घरी गेले होते. तिच्या सासूबाई डाळींच्या डब्यांमागून त्यांची पाककृतींची जुनी वही काढायला गेल्या आणि वही हातात येताच तिची पानं ओट्यावर सांडली. कधीतरी तिला रबरबँड लावून ठेवलं होतं. ते वितळून पुठ्ठ्यावर तपकिरी, चिकट रेघ होऊन बसलं होतं. "कुणी शिवून देणारं असेल तर सांग गं," त्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आधीच एक पान उचललं होतं. त्याची घडीची बाजू खिडकीकडे धरून पाहिली, मग खालचा रिकामा कोपरा हलकेच दुमडला आणि परत उलगडला. कोपरा तुटला नाही, म्हणजे कागद अजून ठिसूळ झालेला नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की माझं मलाच नवल वाटलं. चहा झाला, गप्पा झाल्या, पण परत येताना सगळा वेळ माझ्या बोटांत तो कोपराच होता. पुस्तक दुरुस्तीला आलं की आधी पानाचा कोपरा दुमडून पाहायचा, हे मी कुठे शिकले ते आठवायला कात्रजचा घाट संपेपर्यंत वेळ लागला.

गेलं वर्षभर एक प्रश्न मनात होता. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, बँकेतली नोकरी आता अंगवळणी पडली, संध्याकाळ मोकळी राहू लागली. नुसतं मन रमवायला काहीतरी नको होतं. लोक ज्याचे पैसे देतील आणि पुढची वीस वर्षं ज्यात शिकण्यासारखं उरेल, असं एक काम हवं होतं. नवं काही शोधण्यापेक्षा आपण लहानपणी ज्यात बुडून जायचो आणि जे मध्येच सोडून दिलं त्यातलं काय पुन्हा हाती घेण्याजोगं आहे ते पाहावं, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत वाईच्या घरातला माळा उपसला होता. पत्र्याच्या पेटीत सगळं नीट होतं. तिकिटांचा अल्बम, लाकडी पाटीवर जोडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली कास पठारावरची पानंफुलं, क्रोशाचं अर्धं तोरण, आणि तळाशी मीच बांधलेल्या वह्यांची चवड.

अल्बम उघडला तेव्हा जुन्या गोंदाचा वास आला आणि छातीत गलबललं. पण थोड्याच वेळात लक्षात आलं की मला आठवत होती ती तिकिटं पाठवणारी माणसं. आखातातला मामा, मुंबईची आत्या. पाण्यात भिजवून तिकीट सोडवणं, वाळवणं, चिमट्याने लावणं या कामाची मला कधी ओढ नव्हती. रेडिओचंही तसंच. राळेच्या धुरात डोळे चोळत सांधे जोडले आणि एका रात्री सांगली केंद्र खरखरत ऐकू आलं, तो आनंद मी अजून विसरलेले नाही. पण सांगली ऐकू आलं तिथे माझं कुतूहल संपलं. ते का ऐकू आलं आणि कोल्हापूर का नाही, हे जाणून घ्यावंसं मला वाटलं नव्हतं. वाळवलेल्या फुलांखाली नावंसुद्धा अर्धीच लिहिलेली होती.

वह्यांपाशी मात्र मी थांबले. त्यांच्या मागे न सुटलेला एक प्रश्न होता.

मे महिन्यात आमच्याकडे जुन्या वह्यांची कोरी पानं निघायची. तिघा भावंडांच्या वर्षभराच्या वह्या चाळायच्या, मागची कोरी राहिलेली पानं जोडीने उसवायची, रेघी आणि चौकडी वेगळी करायची आणि पुढच्या वर्षासाठी त्यांच्या रफ वह्या शिवायच्या. बहुतेक घरांत दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोरा ओवला की काम संपायचं. आमच्या आळीत बाइंडिंगवाले काका होते. नगरपालिकेची रजिस्टरं, वाचनालयाची पुस्तकं, पतपेढीच्या खतावण्या असं त्यांचं काम. त्यांच्या दारात बसून मी पाहत राहायचे. बांबूची चिप घडीवरून फिरते आणि कागद एकदम शांत बसतो. पातेल्यात खळ रटरटते, तिच्यात मोरचूद पडला की निळसर झाक येते. दोरा मेणाच्या गोळ्यातून ओढताना बारीक किरकिरतो. घरी येऊन मी तेच सगळं करायचे. खळ मैद्याची, पुठ्ठा साड्यांच्या खोक्याचा, वर दाब म्हणून पाटा. वही पाट्याखाली रात्रभर राहायची. मी मध्यरात्री उठून हात लावून बघायचे. कुणी सांगितलेलं नसताना घड्या घालत बसायचा मला कधी कंटाळा आला नाही.

आणि दरवर्षी माझे पुठ्ठे वाकायचे. पाट्याखालून काढल्यावर दिवसभर सपाट, दुसऱ्या दिवशी दोन्ही कव्हरं उन्हातल्या पापडासारखी वर उचललेली. काकांची रजिस्टरं मात्र टेबलावर सपाट पडून राहायची. पुठ्ठा तसाच, खळ तीच, मग फरक कुठे? काका कागद कापायच्या आधी तो नुसता दोन्ही हातांत धरून एकदा असा, एकदा तसा वाकवून बघायचे. विचारलं तर म्हणायचे, "कागद कुठल्या बाजूनं वाकायला राजी आहे ते बघतोय, पोरी." मला ती त्यांची लकब वाटायची. दहावी आली, क्लास आले, काकांनी दुकान मुलाकडे दिलं, त्याने तिथे झेरॉक्सचं यंत्र टाकलं. माझे पुठ्ठे का वाकायचे, ते तसंच राहिलं.

त्याचं उत्तर त्या लकबीतच होतं, हे मला यंदा कळलं. यंत्रावर कागद तयार होतो तेव्हा लगदा सरकत्या जाळीवर पडतो आणि त्यातले बरेचसे तंतू जाळी ज्या दिशेने जाते त्या दिशेला लागतात. म्हणून कारखान्यातल्या प्रत्येक कागदाला आणि पुठ्ठ्याला एक कल असतो. तंतू ओले झाले की लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. साहजिकच ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने आक्रसतो. खळ लावलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटला की वाळताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. पुस्तकात सगळ्या थरांचे तंतू पाठीला समांतर, म्हणजे उभे ठेवले तर प्रत्येक थर एकाच दिशेने हलतो आणि आतल्या अस्तराची ओढ बाहेरच्या कापडाची ओढ तोलून धरते. एखादाही थर आडवा लागला की ओढाताण सुरू होते. पुठ्ठा तिरपा पिळवटतो, पानं पाठीशी लाटांसारखी उठतात आणि वही उघडताना अडते. माझ्या खोक्यांचे पुठ्ठे मी जागा वाचेल तसे कापायचे, एक उभा, एक आडवा. वर भर म्हणजे कागद फक्त बाहेरून चिकटवायचे, आतून अस्तर नसायचंच. मग ते वाकायचे नाहीत तर काय करतील!

कल ओळखायचे मार्ग सोपे आहेत. मोठा कागद न मोडता हलका वाकवायचा. तंतूंच्या दिशेला समांतर वाकवलं तर तो मऊ वाकतो, आडवा वाकवला तर हाताला उलटा जोर लावतो. काका हेच करायचे. हाताला समजलं नाही तर कागदाचा बोटभर चौकोन कापून एका बाजूला पाणी लावायचं. तो लगेच सुरळी होतो, आणि सुरळीची नळी ज्या दिशेला पडते ती तंतूंची दिशा. फाडून पाहिलं तर एका दिशेला फाट सरळ जाते, दुसरीकडे वेडीवाकडी. चौकटीवर हाताने उचललेल्या हातकागदात मात्र हा कल जवळजवळ नसतो, कारण चौकट हलवताना तंतू चारी बाजूंना पडतात. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून असा कागद करते आहे, मुख्यतः सुती चिंध्यांच्या लगद्यापासून. अस्तरासाठी तो मला सगळ्यात विश्वासाचा वाटतो.

हे सगळं वाचून, करून समजलं तेव्हा मला माझ्या शोधाची दिशाही सापडली. ज्या छंदांच्या आठवणीने डोळे भरून येतात त्यांच्यात माझ्यासाठी काम उरलेलं नव्हतं. जिथे काम फसत होतं आणि का फसतं हे कळायचं बाकी होतं तिथे मी तीस वर्षांनंतरही तशीच ओढले गेले. शिवाय त्यातला कंटाळवाणा भाग, घड्या, भोकं, मेण, वाट पाहणं, हाच मला आवडायचा. धंदा करायचा म्हटलं की नव्वद टक्के वेळ तोच असतो.

तेव्हा मैत्रिणीच्या सासूबाईंना मी फोन केला आणि म्हटलं, काकू, वही मी शिवते. पैसे घेऊन शिवते. पैशाचं मुद्दाम बोलले, कारण फुकट केलं असतं तर हे काम धंदा म्हणून उभं राहील की नाही ते मला कधीच समजलं नसतं.

ती वही म्हणजे ९६ पानं, एकत्र दुमडलेल्या आठ-आठ पानांचे बारा जुडगे, म्हणजे फर्मे, मूळची तारेच्या टाक्यांनी शिवलेली. सुरुवातीचं अक्षर निळ्या शाईचं, मधलं बॉलपेनचं, शेवटी काकूंच्या सुनेचं. पहिलं काम पेन्सिलीने पानांवर बारीक आकडे टाकण्याचं. सुटलेली पानं एकदा वारा लागून उडाली की "साटोऱ्यांचं दुसरं पान" शोधत बसावं लागतं. दुसरं काम शाई तपासण्याचं. जुन्या फाउंटन पेनच्या बहुतेक शाया पाण्यात उतरतात. कोपऱ्यातल्या एका टिंबावर ओलसर कापसाचा कण टेकवला आणि काढला तर तो निळा झाला. म्हणजे या पानांना पाणी वर्ज्य. धुणं नाही, भिजवून सपाट करणं नाही, खळसुद्धा घट्ट आणि अगदी पातळ थराने. बॉलपेनची पानं तशी घाबरवत नाहीत. मग तारा काढायच्या. गंजलेली तार ओढून काढली तर ती भोवतालचा गंजाने कुजलेला कागदही घेऊन येते. म्हणून घडीच्या आतून तिचे पाय सुरीच्या पाठीने उभे करायचे, मागच्या बाजूने तार हलकेच उचलायची आणि गंजाची पूड कोरड्या कुंच्याने झटकायची.

घड्यांची अवस्था सगळ्यात वाईट होती. प्रत्येक फर्म्याचं बाहेरचं दुहेरी पान घडीवर फाटून दोन सुटी पानं झाली होती. तशीच शिवली असती तर दोऱ्याने धरायचं कशाला? म्हणून फाटलेल्या जोड्या पुन्हा एकत्र करायच्या. दोन पानं शेजारी ठेवून मधल्या फटीवर पातळ पण चिवट कागदाची बोटाच्या पेरापेक्षा अरुंद पट्टी खळीने बसवायची, वर वजन ठेवायचं आणि वाळल्यावर तिथेच घडी घालायची. इथे पांढरा डिंक वापरायचा मोह होतो. तो लवकर वाळतो, पक्का धरतो. पण तो पुढे पाण्याने सुटत नाही, आणि पन्नास वर्षांनी कुणाला ती पट्टी काढायची झाली तर पान फाटल्याशिवाय निघणार नाही. गव्हाच्या खळीची पट्टी ओलाव्याने सुटते. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून आपण जो चीक काढतो, तेच या खळीचं मूळ: गव्हातलं सत्त्व, कोंडा आणि चिकट प्रथिन काढून टाकलेलं. फक्त चीक आंबूस राहू द्यायचा नाही. वरचं पाणी बदलत तो गोड होईपर्यंत निवळू द्यायचा. एक वाटी सत्त्वाला चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पांढरं पाणी अर्धपारदर्शक होऊन चमच्यावरून जाड धारेने पडेपर्यंत. मग गार करून गाळणीतून दाबून काढायची. काकांचा मोरचूद मी घालत नाही. कसर आणि बुरशी लागू नये म्हणून तो घालत असत, पण तांब्याचे क्षार कागदाच्या तंतूंची झीज वाढवतात. त्यापेक्षा दोन दिवस पुरेल इतकीच खळ करावी.

दोऱ्याची जाडी हा यातला सगळ्यात फसवा भाग. शिवताना प्रत्येक फर्म्याच्या घडीत एक दोरा आडवा येतो, म्हणजे बारा फर्म्यांची पाठ बारा दोऱ्यांइतकी जास्त जाड होते. अर्ध्या मिलिमीटरचा दोरा घेतला तर पाठीकडे सहा मिलिमीटर वाढतात, वर घडीवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्यांची जाडी वेगळीच. वहीच मुळात बोटभर जाड. ती पाठीकडे फुगून पाचरीसारखी होणार आणि पुठ्ठे कधीच मिटणार नाहीत. फार बारीक दोरा घेतला तर तो जुना कागद कापत जातो. मी मधला, मेण लावलेला लिननचा दोरा घेतला. फर्मा उघडून टेबलाच्या कडेला ठेवायचा, सुई पहिल्या भोकातून आत, पाठीवर आडव्या लावलेल्या फितीपाशी बाहेर, फितीला वळसा घालून पुन्हा आत, असं शेवटपर्यंत. टोकाच्या भोकातून बाहेर आल्यावर सुई खालच्या फर्म्याच्या दोऱ्यामागून काढून गाठ घ्यायची आणि दोरा पाठीला समांतर ओढायचा. काटकोनात ओढला की भोक फाटून चीर होते. दोन फर्मे शिवून झाले की बोटाने दाबून पाहायचं. ते एकमेकांवर सरकले तर शिवण सैल, आणि वही उघडून टेबलावर ठेवल्यावर आपली आपण मिटत असेल तर ती फार आवळलेली.

पुढचं मग हाताच्या सवयीने झालं. पाठीवर खळ, जाळीचं कापड, वर कागदाचं अस्तर. पुठ्ठे पानांपेक्षा तीन बाजूंना तीन-तीन मिलिमीटर मोठे. पाठ आणि पुठ्ठ्यात सात मिलिमीटरची फट, कारण तिथेच कव्हर वळतं. सुती कापड काकूंच्याच एका जुन्या साडीचं, मागे कागद चिकटवून ताठ केलेलं, नाहीतर खळ आरपार येऊन डाग पडतात. रबरबँडची चिकट रेघ असलेला जुना पुठ्ठा टाकून द्यायला काकू तयार नव्हत्या. मग मागच्या अस्तराच्या आत एक खिसा केला आणि रेघ खरवडून तो त्यात ठेवला. हळदीच्या, तेलाच्या डागांना मी हात लावला नाही. "चिरोट्यांचं पान बघ, तिथे तूप सांडलं होतं," असं त्या त्या डागांवरूनच सांगत होत्या.

आता हिशेब. उसवणं आणि झटकणं दोन तास, पट्ट्या लावायला पाच, शिवायला दोन, कव्हर आणि अस्तर अडीच. साडेअकरा तास हाताचे, वाळण्याचा वेळ सोडून. दोरा, कापड, पुठ्ठा, कागद मिळून साडेतीनशे रुपये. तासाला दोनशे धरले तर २,३०० अधिक ३५० म्हणजे २,६५० रुपये. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला नवीन बाइंडिंग दीड-दोनशेत करून देतो. त्याच्या यंत्रात वहीची पाठ कापली जाते आणि सुटी पानं गरम डिंकात बसवली जातात. असा डिंक जुना होऊन कडक झाला की पुस्तक उघडताना पाठ मधोमध मोडते आणि पानं एकेक करून हातात येतात. पण हे समजावून सांगूनही दीडशे आणि अडीच हजार यांतलं अंतर कमी होत नाही. मी काकूंना आकडा सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बाई, एवढ्याची तर वही पण नव्हती." आणि देऊन टाकले. मला दोन्ही गोष्टी लागल्या, ते वाक्यही आणि ते पैसेही.

दुरुस्तीत एक अडचण आहे, ती पहिल्याच कामात समोर आली. प्रत्येक वही वेगळी मोडलेली असते, त्यामुळे दहा वह्या दुरुस्त करायला एकीच्या दसपट वेळ लागतो. नव्या कोऱ्या वह्यांचं तसं नसतं. एक वही शिवायला मला अडीच तास लागतात, पण दहा एकदम घेतल्या तर कापणं, घड्या, भोकं सगळी एका दमात होतात, एकीची खळ वाळेपर्यंत दुसरीचं कव्हर तयार होतं, आणि दहा वह्या नऊ-दहा तासांत संपतात. म्हणजे वहीला एक तास. दोनशे रुपये मजुरी आणि दीडशेचं सामान धरलं तरी चारशेला विकता येते, आणि सपाट उघडणारी, दोन्ही पानांवर लिहिता येणारी शिवलेली वही चित्र काढणाऱ्यांना आणि रोजनिशी लिहिणाऱ्यांना हवीच असते. म्हणून माझी आखणी अशी आहे: महिन्याचे तीन शनिवार-रविवार नव्या वह्या, एक दुरुस्तीला. वह्यांनी सामान, औजारं आणि एक चांगलं लोखंडी दाबयंत्र निघावं. दुरुस्ती शिकण्यासाठी आणि तिच्या रास्त भावाला. नोकरी इतक्यात सोडणार नाही. तीन आठवड्यांत साठ वह्या करणं जमेल, पण साठ विकणं जमतं की नाही, ते अजून पाहायचं आहे.

पावसाळ्यात दुरुस्ती घेणार नाही हे ठरलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडची हवा इतकी दमट असते की खळीचं काम दाबाखाली चार दिवस ओलंच राहतं. मग पुठ्ठ्याच्या आतल्या कडेला राखाडी ठिपके येतात आणि वास येतो. टीपकागद रोज दोनदा बदलले तर नवी वही निभावते, कुणाच्या आजीची वही त्या भरवशावर ठेवता येत नाही. त्या दिवसांत घड्या घालायच्या, फर्मे कोरडे शिवून ठेवायचे आणि कव्हरं नवरात्रापासून चढवायची.

आणि छापील पुस्तकांना बहुतेकदा नाही म्हणावं लागणार. पेशवे दफ्तरातले दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे हातकागद अजून हाताळता येतात, कारण ते चिंध्यांसारख्या चिवट तंतूंचे. आपल्या घरातली साठ-सत्तरच्या दशकांतली बरीच स्वस्त पुस्तकं लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेली आहेत, आणि त्या कागदावर शाई पसरू नये म्हणून तुरटी आणि राळ वापरलेली असे. तुरटीचं आम्ल तंतूंना आतून खातं. कोपरा एकदा दुमडून उलगडला की तुटतो. अशा कागदाला सुई लावली की शिवण म्हणजे फाडायची रेघ ठरते. त्या पुस्तकांना मी शिवत नाही. चार पाखांची पुठ्ठ्याची पेटी मापाने करून देते आणि पानांचे फोटो काढून ठेवा म्हणून सांगते. लोक हिरमुसतात. काका अशी पुस्तकं तो एक कोपरा दुमडून परत करायचे तेव्हा वाचनालयाचे शिपाईदादा कसे चिडायचे, तेही आठवतं.

दिवाळी अंकांचं मात्र अजून ठरत नाही. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून सुरू झालेली ही आपली परंपरा कितीतरी घरांत माळ्यावर गठ्ठ्याने पडून आहे, आणि वह्यांची गोष्ट पसरल्यापासून मला सगळ्यात जास्त फोन त्यांच्यासाठीच येतात. मधोमध दोन तारा मारलेला अंक शिवायला तसा सोपा. तारा काढायच्या, मधल्या घडीत पट्टी, पाच भोकं, एक दोरा, झालं. पण एकाच अंकात गुळगुळीत जाहिरातींचा कागद आणि आतला खरखरीत कागद एकत्र असतो. त्यांचा कल एकाच दिशेला असेलच असं नाही, आणि आतला कागद कोपऱ्याच्या परीक्षेत बहुधा नापास होतो. अकरा वर्षांचे अंक एका जाड खंडात बांधून हवेत असं एका गृहस्थांचं म्हणणं. एवढ्या जाडीला कुठलाच अंक सपाट उघडणार नाही आणि ठिसूळ घड्या वाचताना तुटतील. मी त्यांना सुचवलं आहे की अंक वेगवेगळेच शिवू, प्रत्येकाला हातकागदाचं पातळ कव्हर देऊ आणि सगळे एका पेटीत उभे ठेवू. त्यांना कपाटात कातडी पाठीचा खंड दिसायला हवा आहे. पुढच्या रविवारी ते दोन अंक घेऊन येणार आहेत. त्यातला एक त्यांच्यासमोर उसवून, घडीवर कागद कसा वागतो ते त्यांच्या हातात देऊन दाखवणार आहे, आणि त्यानंतरही खंडच हवा म्हणाले तर हे काम घेणार नाही.